तीन काळांचं नाटक: तालमीच्या नोंदी

४ जून २०२४, लातूर

संहितेचा पहिला खर्डा पूर्ण झाला. दोन अंक, बारा प्रवेश, तीन काळ: १९७२ चा दुष्काळ, १९९३ च्या भूकंपाच्या आदला दिवस, आणि २०१६ चा उन्हाळा, ज्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

गोष्ट एका बहीण-भावाची आणि त्यांच्या आईच्या पितळी घागरीची आहे. २०१६ मध्ये आक्का लातुरात टँकरच्या रांगेत उभी आहे. तिच्या हातातली घागर चिरलेली, डाग देऊन वापरात ठेवलेली. सोबत भाचा आहे, भावाचा मुलगा. घरात सगळे धरून चालतात की घागर भूकंपात चिरली. खरं म्हणजे ती आदल्या रात्रीच चिरली होती. वाटणीवरून बहीण-भाऊ भांडत असताना आईनंच ती दोघांच्या मधे आपटली. भाऊ तडक शेतात झोपायला गेला, आक्कानं अंगणात बाज टाकली, आई मातीच्या जड माळवदाखाली एकटी झोपली. दोघं वाचले ते भांडणामुळे. त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

हे सरळ क्रमानं सांगितलं तर भूकंपाची गोष्ट होते. भूकंपाची गोष्ट या भागात प्रत्येक घराकडे आहे आणि ती त्यांनीच सांगावी. मला सांगायचंय ते भूकंपाआधीच्या रात्रीचं ओझं, आणि ते समजायला प्रेक्षकाला आधी आजची आक्का भेटली पाहिजे. म्हणून काळ मोडलेत. पण प्रेक्षक एकदा ‘हे कधीचं?’ या विचारात पडला की तेवढा वेळ तो आईकडे बघत नाही. तो विचार त्याला पडूच द्यायचा नाही, एवढंच काम या वहीत नोंदवत जाणार आहे.

९ जून

आज नाटकाचा क्रम बाजूला ठेवला आणि सगळ्या घटना घडल्या त्या क्रमानं एका लांब कागदावर मांडल्या. रंगमंचावर न दिसणाऱ्याही: आक्काचं लग्न, भावाचं लग्न, भाच्याचा जन्म, नव्या गावात घर मिळणं. हा कागद दिग्दर्शकाकडे, नटांकडे आणि प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याकडे एकच असला पाहिजे. आक्काचं काम करणाऱ्या मॅडमनी विचारलं, “मला टँकरच्या रांगेत असताना भाऊ कुठं राहतो ते माहीत आहे का?” संहितेत याचं उत्तर नव्हतं, कागदावर लगेच सापडलं.

कागदावर प्रत्येकाचं जन्मसाल लिहिलं. आई १९४०, आक्का १९६०, भाऊ १९६९, भाचा १९९५. मग तिन्ही काळांतली वयं काढली. आक्का बारा, तेहेतीस, छप्पन्न. भाऊ तीन, चोवीस, सत्तेचाळीस. इथं एक गोष्ट डोळ्यात भरली: दुष्काळात आई बत्तीस वर्षांची आहे आणि भूकंपाच्या वेळी आक्का तेहेतीसची. दोन काळांत एकाच वयाच्या दोन बायका, दोघींच्या डोक्यावर तीच घागर. हे पुढं अडचणीचं ठरू शकतं, म्हणून त्या दोन आकड्यांभोवती लाल गोल केला.

१६ जून

कार्ड तयार झाली. प्रत्येक प्रवेशाचं एक कार्ड, त्यावर काळ आणि त्या काळातला क्रमांक. तालमीत आम्ही ‘सोळा-एक’, ‘बहात्तर-दोन’, ‘त्र्याण्णव-चार’ असंच बोलतो. खर्ड्यातला क्रम असा:

पहिला अंक: सोळा-१, बहात्तर-१, सोळा-२, त्र्याण्णव-१, सोळा-३, त्र्याण्णव-२, बहात्तर-२, सोळा-४.
दुसरा अंक: त्र्याण्णव-३, बहात्तर-३, त्र्याण्णव-४, सोळा-५.

एक नियम लिहितानाच पाळला आहे. काळ आपसात कितीही मिसळले तरी प्रत्येक काळ आपल्यापुरता पुढेच जातो. बहात्तरमध्ये आधी घागर गहाण पडते, मग आई खडी फोडायच्या कामावर जाते, मग घागर सुटते. त्र्याण्णवचे चारही प्रवेश २९ सप्टेंबर या एकाच दिवसाचे: सकाळ, दिवेलागण, मिरवणूक, रात्र. एखाद्या काळाच्या आत मागं जायचं म्हटलं तर प्रेक्षकाला दोन हिशोब सांभाळावे लागतात: कोणता काळ, आणि त्या काळात आपण कुठवर आलो होतो. काळ पुढेच जाणार याची खात्री असली की दुसरा हिशोब लागत नाही. मागच्या वेळी जिथं सोडलं होतं तिथून पुढे, एवढं त्याला पुरतं.

२३ जून

पहिलं वाचन झालं. पंधरा-वीस श्रोते होते. काही शिक्षक, शेजारच्या बायका, कॉलेजची पोरं आणि नाटकाशी काही घेणंदेणं नसलेले दोन दुकानदार. नाटकवाल्यांना मुद्दाम बोलावलं नाही. ते रचना ओळखून घेतात आणि समजलं असं सांगून मोकळे होतात.

‘समजलं का?’ हा प्रश्न विचारलाच नाही. त्याला सगळे हो म्हणतात. वाचन संपल्यावर प्रत्येकाला बारा चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका प्रवेशातलं एकच वाक्य होतं, साल नाही, पात्राचं नाव नाही. सांगितलं, “जे आधी घडलं ते वर, जे नंतर घडलं ते खाली, असं लावा.” कुणी कुठं चुकलं हे महत्त्वाचं नव्हतं. एकाच चिठ्ठीपाशी कितीजण चुकले ते बघायचं होतं.

बहुतेक चिठ्ठ्या जागेवर आल्या. बहात्तर-२ मात्र अर्ध्याहून जास्त जणांनी त्र्याण्णवच्या ढिगात टाकली.

२४ जून

बहात्तर-२ मध्ये नेमकं काय होतं ते पुन्हा वाचलं. दुष्काळी कामावरची आई, हातात हातोडी, खांद्यावर तापानं फणफणलेलं तीन वर्षांचं लेकरू. सुकडीच्या रांगेचा उल्लेख प्रवेशाच्या शेवटी येतो. त्याआधीचा प्रवेश त्र्याण्णव-२, आणि त्यात तेहेतीस वर्षांची आक्का घागर घेऊन उभी. श्रोत्यांनी ऐकलं ते असं: मघाचीच बाई, आता दगड फोडतेय. शिक्षक बाई म्हणाल्या, “मला वाटलं भूकंपानंतर ढिगारा उपसायलीय.” त्यांच्या जागी कुणीही असतं तरी तसंच वाटलं असतं.

म्हणजे साल चुकलं नव्हतं, माणूस चुकला होता. माझ्या मते काळ मोडलेल्या गोष्टीत बहुतेक गोंधळ असाच होतो. प्रेक्षक मनात सालं धरून बसत नाही, तो चेहरे आणि नाती धरून बसतो. एका काळातली आई आणि दुसऱ्या काळातली तिची लेक एका वयाची, एकाच कामात, लागोपाठ दिसली की त्याच्या मनात दोघींची एक बाई होते, आणि मग पुढचं सगळं घसरतं. लाल गोल केलेली जागा हीच.

उपाय तीन ठिकाणी करायचे ठरले. पहिला, क्रमात. त्र्याण्णव-२ पहिल्या अंकातून काढून दुसऱ्या अंकात नेला. आता पहिल्या अंकात एका भूतकाळातून थेट दुसऱ्या भूतकाळात उडी नाही. प्रत्येक वेळी टँकरच्या रांगेत परत यायचं आणि तिथूनच पुन्हा निघायचं. मध्यंतरानंतरची सुरुवातही रांगेतच, कारण चहा पिऊन आलेला माणूस सगळं सोडून आलेला असतो. नवा क्रम:

पहिला अंक: सोळा-१, बहात्तर-१, सोळा-२, त्र्याण्णव-१, सोळा-३, बहात्तर-२.
दुसरा अंक: सोळा-४, त्र्याण्णव-२, त्र्याण्णव-३, बहात्तर-३, त्र्याण्णव-४, सोळा-५.

थेट उडी आता फक्त शेवटाकडे आहे, आणि तोवर प्रेक्षक दोन्ही भूतकाळांत रुळलेला असेल.

दुसरा, वेशात. आई नऊवारी लुगड्यात, डोक्यावरून पदर. आक्का त्र्याण्णवमध्ये गोल साडीत. हा फरक शेवटच्या रांगेतूनही कळतो. तिसरा, नटांमध्ये. माणसं कमी असल्यामुळे दोन्ही भूमिका एकाच नटीला द्यायचा विचार चालला होता. आई-लेकीत एकच चेहरा दिसण्यात एक काव्य आहे हे मला मान्य आहे, पण त्याची किंमत या नाटकाला परवडणारी नाही. आक्काचे दोन्ही मोठे काळ मॅडम करतील, आईला वेगळी नटी.

३० जून

हाका. आज संहितेत फक्त हाका तपासल्या.

२०१६ मध्ये भाचा आक्काला ‘आत्या’ म्हणतो. १९९३ मध्ये भाऊ ‘आक्का’ म्हणतो. १९७२ मध्ये आई ‘पोरी’ म्हणते. एकाच बाईला तीन काळांत तीन हाका, आणि प्रत्येक हाक त्या काळातल्या कुणाच्या तरी तोंडी सहज येणारी. आता नियम असा की प्रवेशाच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत हाक आलीच पाहिजे. ‘पोरी, चुंबळ आण की गं’ एवढं ऐकलं की काळ कळला. त्यासाठी माहिती पुरवणारं एकही वाक्य लिहावं लागलं नाही.

अडचण एवढीच की लहान भाऊही बहात्तरमध्ये तिला आक्काच म्हणेल. म्हणून तो तिन्ही प्रवेशांत तापानं झोपलेला ठेवला. आणि मोठा झालेला भाऊ २०१६ मध्ये शेवटच्या प्रवेशापर्यंत येतच नाही. त्यामुळे सोळा-५ मध्ये रांगेच्या टोकाकडून ‘आक्का’ अशी हाक येते, तेव्हा ती हाक त्र्याण्णवमधून चालत आल्यासारखी वाटेल. खूण म्हणून बसवलेली गोष्ट तिथं आपोआप नाट्य होते. आज तालमीत ती हाक ऐकून मॅडम वळल्या तेव्हा पुढचं वाक्य बोलायची गरज राहिली नाही. ते वाक्य कापलं.

८ जुलै

संहितेतले सगळे ‘तेव्हा’, ‘त्या वर्षी’, ‘परवा’, ‘मागं एकदा’ शोधून काढले. सरळ गोष्टीत हे शब्द निरुपद्रवी असतात. इथं प्रत्येक ‘तेव्हा’ला दोन अर्थ निघतात. “तेव्हा आईनं घागर सोडवून आणली” हे वाक्य २०१६ मध्ये आलं, तर ऐकणाऱ्यापुढे दोन काळ उभे राहतात.

बदल म्हणून सालं घातली नाहीत. आपल्याकडे म्हातारी माणसं सालं सांगत नाहीत. ती ‘दुष्काळात’ म्हणतात, ‘भूकंपाआधी’, ‘भूकंपानंतर’, ‘जुन्या गावात होतो तवा’ म्हणतात. लातूर-धाराशिवकडे काळ मोजायची ही तयार पद्धत आहे. आक्काचं वाक्य आता “दुष्काळात गहाण पडली व्हती, आईनं सोडवली” असं आहे.

जिल्ह्याचाही उपयोग केला. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून, वेगळा झाला. त्यामुळे बहात्तरमध्ये सावकार “जिल्ह्याला जाऊन तक्रार कर, उस्मानाबादला” असं म्हणतो आणि त्र्याण्णवमध्ये भाऊ वाटणीच्या कागदासाठी “जिल्ह्याला, लातूरला” जायच्या गोष्टी करतो. साठीच्या पुढच्या माणसाला हे ऐकताच काळ कळेल. तरुणाला कळणार नाही आणि त्याचं काही अडणारही नाही. अशा खुणा वरचा थर म्हणून ठेवायच्या, त्यांच्यावर काही उभं करायचं नाही.

१४ जुलै

कॉलेजच्या पोरांसमोर फक्त त्र्याण्णवचे प्रवेश वाचले. माझा अंदाज होता की ‘आज विसर्जन’ म्हटलं की लातुरात सभागृह आपोआप श्वास रोखेल. वडीलधाऱ्यांचं तसं होतं. त्यांना माहीत आहे की लोक विसर्जन करून झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. या पोरांचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. भूकंप त्यांना माहीत आहे, गणपतीशी त्याचं नातं माहीत नाही. त्यांच्यासाठी तो नुसता सणाचा दिवस होता.

म्हणून सोळा-२ मध्ये, म्हणजे त्र्याण्णवचं पहिलं दर्शन होण्याच्या अगोदर, भाचा विचारतो, “आत्या, भूकंपाच्या आदल्या दिवशी तू गावातच होतीस ना? विसर्जनाला?” आत्या म्हणते, “व्हय. पहाटं झालं ते.” पुढं काही नाही.

यावर नेपथ्य करणाऱ्या दादांशी बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, शेवट आधीच सांगितला तर उरलं काय. माझं म्हणणं असं की काय झालं ते लपवून आपल्याला काहीच मिळत नाही. भूकंप झाला हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लपवायचं ते ‘कसं’ आणि ‘कुणामुळे’. त्या रात्री कोण कुठं झोपलं आणि का, घागर कुणाच्या हातून चिरली, हे. निकाल माहीत असलेला प्रेक्षक त्र्याण्णव-१ मध्ये आईला भिंतीला टेकून झेंडूच्या माळा ओवताना बघतो, तेव्हा त्याला काळ शोधावा लागत नाही. तो नुसता त्या भिंतीकडे बघतो: दगडमातीची जाड भिंत आणि वर मातीचं जड माळवद. माणसं गेली ती बहुतांशी अशाच घरांखाली. दादांना हे पटलं, आणि त्यांनी ती भिंत आणखी पुढं आणायचं सुचवलं.

भूकंप स्वतः दाखवायचा नाही हे आधीपासून पक्कं आहे. आवाजही नाही. सभागृहात ज्यांच्या घरची माणसं गेली असे लोक बसलेले असतील.

२८ जुलै

घागर. मोडीच्या दुकानातून दोन जुन्या घागरी आणल्या. एक अखंड, दुसरी काठापासून खाली चिरलेली. तांबटाकडून तिला डाग देऊन घेतला. चीर आणि डाग पहिल्या दोन रांगांनाच दिसतात. बाकीच्यांना ती फक्त ऐकू येऊ शकते, म्हणून आज दिवसभर आवाजावरच काम केलं.

लाकडी लेव्हलवर ठेवल्यावर दोन्ही घागरी सारख्याच वाजतात, नुसतं ‘ठक’. शहाबादी फरशी टाकून बघितली, तरी फारसा फरक नाही. बूड टेकताच नाद मरतो. मग चुंबळ वापरली. चुंबळीवर घागर अधांतरी बसते, काठ मोकळा राहतो. रिकामी घागर चुंबळीवर ठेवून काठाला तांब्या लागला की अखंड घागर ‘टण्ण’ करून बराच वेळ घुमते. चिरलेली ‘थड’ म्हणते आणि संपते. शेवटच्या रांगेत बसून डोळे मिटून ऐकलं, फरक स्वच्छ कळतो. हातानं काठ धरला तर अखंड घागरही मुकी होते, त्यामुळे नटींना सांगितलं की तांब्या लावताना दुसरा हात घागरीवर नको.

आता काळ बदलायची जागा अशी बसली. सोळा-२ च्या शेवटी रांग पुढं सरकत नाही. आक्का घागर चुंबळीवर ठेवते, तांब्या काठाला लागतो: थड. भाचा म्हणतो, “आत्या, बदल की गं ही घागर.” ती खाली वाकते आणि भाचा मागं सरतो. ती त्याच जागी, त्याच वाकण्यात डोक्यावरचा पदर खाली घेते, तोवर विंगेच्या बाजूनं अखंड घागर तिच्यापुढं आलेली असते. तांब्या काठाला लागतो: टण्ण. “आक्का, झेंडूची फुलं आणलीस का?” त्र्याण्णव-१ सुरू. कृती एक, जागा एक, फक्त नाद वेगळा. हाक येण्याआधीच कान काळ सांगून मोकळा होतो.

नाद जितका वेळ घुमतो तितका वेळ संवाद सुरू करायचा नाही. सुरुवातीला सगळे घाई करत होते. संवाद नादावर चढला की खूण वाया जाते.

१२ ऑगस्ट

गावाकडं सप्ताहात कीर्तन ऐकलं. महाराज अभंगावरून महाभारतात गेले, तिथून स्वतःच्या लहानपणात, तिथून गेल्या वर्षीच्या पावसात. मांडवात शाळकरी पोरांपासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळे होते आणि कुणीही वाट चुकलं नाही. कारण स्पष्ट दिसत होतं: प्रत्येक फेरीनंतर ते अभंगाच्या त्याच चरणावर येत, टाळकरी ते चरण उचलत, आणि मगच पुढची फेरी. चरणाचा अर्थ दर फेरीला थोडा वाढत होता, चाल मात्र तीच.

आमच्या टँकरच्या रांगेला असं चरण नव्हतं. तालमीत प्रत्येक सोळा-प्रवेश वेगळ्या ठिकाणापासून सुरू होत होता. आज ठरवलं की रांगेत परत येताना दर वेळी एकच सुरुवात: लांबून टँकरचा हॉर्न, भांड्यांचा खडखडाट, आणि मागच्या बाईचं “सरका की पुढं.” पाचही वेळा हुबेहूब.

१८ ऑगस्ट

प्रकाश. लाइटवाल्या काकांनी बहात्तरसाठी पिवळं आणि त्र्याण्णवसाठी निळं जिलेटिन काढलं होतं. मी नको म्हटलं. एक तर रंगाचा अर्थ प्रेक्षकाला तिसऱ्या-चौथ्यांदा पाहिल्यावर लागतो, पहिल्यांदा तो नुसता पिवळा उजेड असतो. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या सभागृहांत डिमर आणि दिवे जागोजागी वेगळे. इथं बसवलेला रंग परभणीत तसाच येईल याचा भरवसा नाही. दिशा मात्र कुठंही मिळते. बहात्तर डावीकडून, खालून तिरपा, त्र्याण्णव उजवीकडून, सोळा थेट डोक्यावरून, सावली पायाशी गोळा झालेली, एप्रिलच्या दुपारसारखी. सावली कुठं पडते यावरून काळ कळतो. काकांनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग स्वतःच उजव्या बाजूचा एक पार दिवा आणखी वर चढवला.

मागच्या पडद्यावर साल दाखवायचं का, यावरही बोलणं झालं. पाटी लावण्यात कमीपणा नाही. पण आकडा वाचेपर्यंतच काम करतो, पुढच्या प्रवेशात त्याचा अंशही उरत नाही. शिवाय माणूस आकडा वाचत असताना नटाची पहिली हालचाल हुकते, आणि आमची सगळी खूण त्या हालचालीतच आहे. पाटी नाही.

१ सप्टेंबर

दुसऱ्या अंकातला अवघड तुकडा: त्र्याण्णव-३, बहात्तर-३, त्र्याण्णव-४. इथं एका भूतकाळातून दुसऱ्यात जायचं आहे आणि परत यायचं आहे, मधे रांग नाही.

त्र्याण्णव-३ मध्ये मिरवणुकीचा ढोल लांबून ऐकू येतो आणि घरात बहीण-भावाचा आवाज चढतो. भाऊ म्हणतो, “घागर बी वाटून घ्यायची का आता?” आई उठते. घागर उचलते. इथंच ती थांबते आणि डावीकडचा उजेड येतो. उजवीकडची बहीण-भावंडं अंधारत नाहीत, फक्त मंद होतात आणि तशीच उभी राहतात. पन्नाशीतली आई घागर उचललेली, आणि डावीकडं बत्तीस वर्षांची आई सावकाराच्या ओट्यावरून तीच घागर खाली घेतेय. बारा वर्षांची आक्का तांब्या लावून बघते: टण्ण. आई म्हणते, “पोरी, आता हिला कुणाला द्यायची न्हाई.” डावा उजेड जातो. ढोल जिथं थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू होतो. आई घागर आपटते.

ढोल मुद्दाम मधेच तोडलाय. तो पुन्हा त्याच ठेक्यावर उचलला की प्रेक्षकाला न सांगता कळतं की मधे त्या रात्रीचा एक क्षणसुद्धा गेलेला नाही. आधी ढोल बहात्तरच्या प्रवेशाखालीही मंद चालू ठेवला होता; तेव्हा दोन्ही काळ एकमेकांत मिसळत होते आणि सावकाराच्या दारात कुठली मिरवणूक, असा प्रश्न एका मदतनिसालाही पडला. शिवाय बहात्तर-३ लांब होता, सावकाराशी पूर्ण बोलणी होती. ती कापली. उचललेली घागर प्रेक्षकाच्या मनात थोडाच वेळ हवेत राहू शकते. त्यापुढे गेलं की तो आईला विसरतो आणि सावकाराची गोष्ट ऐकू लागतो.

८ सप्टेंबर

एका शाळेच्या हॉलमध्ये संपूर्ण प्रयोग, वेशभूषेसह, प्रकाश जमेल तेवढा. श्रोते सगळे नवे. पुन्हा बारा चिठ्ठ्या.

बहात्तर-२ आता जवळपास सगळ्यांनी बरोबर लावली. त्र्याण्णवचे चार प्रवेश एकानंही उलटसुलट केले नाहीत. गोंधळ उरलाय तो २०१६ च्या आत: सोळा-३ आणि सोळा-४ बरेच जण अदलाबदल करतात. कारण उघड आहे, दोन्हीत रांग तिथंच आहे आणि टँकर आलेला नाही. घटनेच्या दृष्टीनं यानं काही बिघडत नाही, पण रांग पुढं सरकत नाही असं प्रेक्षकाला वाटतं हे बिघडतं. त्या काळाला स्वतःची प्रगती हवी. सोळा-३ मध्ये आक्काच्या पुढं माणसांची मोठी रांग, सोळा-४ मध्ये तिच्यापुढं तिघंच, सोळा-५ मध्ये तिचा नंबर. दादांना सांगून रांगेतली भांडी त्याप्रमाणे कमी करायची आहेत.

एक आजी चिठ्ठ्या लावून झाल्यावर म्हणाल्या, “घागर भूकंपात फुटली न्हाई हे मला आधीच कळालं व्हतं.” विचारलं कसं. म्हणाल्या, “सकाळी टण्ण वाजली, रातीपत्तूर घरातच व्हती, आन् भांडण लागलं. म्हणलं आता हिची बारी.” त्यांना पुढचं आधी कळलं, पण काळ कधीच सुटला नाही. मला हेच हवं होतं.

१५ सप्टेंबर

रांगेतली भांडी प्रवेशागणिक मोजून प्रॉपर्टीच्या यादीत लिहिली. अखंड घागरीला काठाशी बारीक पोचा आलाय, नाद अजून चांगला आहे, पण राखीव म्हणून तिसरी घागर शोधायला हवी. त्र्याण्णव-४ मध्ये आपटायला अखंड घागर वापरायची नाही, तिथं चिरलेलीच द्यायची. आपटण्याच्या आवाजात फरक कळत नाही आणि लगेच पुढं सोळा-५ मध्ये तीच लागते. ढोलाच्या ट्रॅकचे दोन तुकडे वेगळे करून ध्वनिवाल्याला दिले, जोडाच्या जागी ठेक्याचा आकडा लिहून. सोळा-५ च्या सुरुवातीला टँकरचा हॉर्न एका क्षणानं उशिरा येतोय. आधी हॉर्न, मग डोक्यावरचा उजेड, हा क्रम काकांच्या वहीत लाल शाईनं लिहिला.